डब्यावर बाळ का नसते?

ओरोसमधल्या मेडिकल दुकानात तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा हातात घेऊन पाहावा. त्यावर बाळाचे चित्र नसते, आईचेही नसते. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने ते वर्ज्य ठरवले. या पावडरीची जाहिरात आणि फुकट नमुनेही बंद केले. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतचा शिशुआहारही त्यात आला.

एवढा कडकपणा का? बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो. बाळ रडते, ‘हिला दूध पुरत नाही’ असे घरचे म्हणतात, आणि थकलेली बाळंतीण ते खरे मानते. नेमका त्याच वेळी नमुन्याचा डबा पुढे आला, की पोट भरलेले बाळ कमी ओढते. जितके ओढले जाते तितकेच दूध तयार होत असल्याने ते आटत जाते, आणि मग डबा खरोखरच लागतो. इतर जाहिराती गरज भासवतात. इथे ती शरीरातच निर्माण होते. पुढे पैसे अपुरे पडले की पावडरीत पाणी वाढते. पोट भरल्यासारखे दिसते, वजन मात्र वाढत नाही.

कायदा मोडल्यास अधिसूचित स्वयंसेवी संस्थाही न्यायालयात तक्रार करू शकतात. मुंबईची ‘अकॅश’ त्यांपैकीच. पण दोन वर्षांवरील मुलांच्या दुधाच्या पावडरीला हा कायदा लागू नाही. तिची जाहिरात खुशाल चालते, आणि नाव व रंग पुष्कळदा तान्ह्याच्या डब्याशी जुळणारे असतात. दोन्ही डबे शेजारी ठेवून वयाचा आकडा अंगठ्याने झाकून पाहावा.