साखर किती, आणि चढतेय की उतरतेय?

सकाळी उपाशीपोटी साखर चांगली आली म्हणजे मधुमेह ताब्यात आहे, हा समज आपल्याकडे घरोघरी पक्का बसलेला आहे. तो किती अपुरा आहे, हे सांगलीतल्या एका आजींच्या गोष्टीतून सांगतो.

आजींचं वय ६८. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू. दर महिन्याला सकाळी बोटातून रक्त तपासायचं, ११० ते १२० च्या दरम्यान आकडा यायचा आणि घर निर्धास्त व्हायचं. पण तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी ८.४ आली. ८.४ म्हणजे साखरेची सरासरी साधारण १९४. सकाळी ११५ आणि सरासरी १९४, मग वाढते तरी कधी? ते शोधायला डॉक्टरांनी आजींच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला १४ दिवसांचा सेन्सर लावला आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या मोबाइलवर साखरेची रेघ दिसू लागली.

आजी आधी रेघ बघायलाच तयार नव्हत्या. "मला आकडा सांग तेवढा," म्हणायच्या. नातीनं मग त्यांना कृष्णेच्या पाण्याची आठवण करून दिली. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. पण सांगलीकर नुसते फूट कधी विचारत नाही. पाणी चढतंय की उतरतंय, हे लगेच विचारतो. ३८ फूट आणि चढतंय, तर सामान माळ्यावर जातं. ४१ आणि उतरतंय, तर जरा दम खातो. "आजी, तुझ्या साखरेचंही असंच बघायचं."

आजींना हे लगेच पटलं. आलेखात आडवी वेळ, उभी साखर आणि मधे ७० ते १८० चा पट्टा. आकड्याशेजारी बाण असतो. त्यांच्या सेन्सरवर बाण आडवा असेल तर साखर जवळजवळ स्थिर, तिरका असेल तर मिनिटाला एक ते दोन अंकांनी सरकतेय, सरळ उभा असेल तर दोनपेक्षा जास्त वेगानं. म्हणजे १२० आणि आडवा बाण असेल तर काळजी नाही. पण तेच १२० आणि बाण सरळ खाली असेल, तर वीस मिनिटांत साखर ८० च्याही खाली जाऊ शकते. एकच आकडा, पण अर्थ अगदी वेगळे.

मग आली एकादशी. उपवासानं साखर उतरते, ही आजींची ठाम समजूत. साडेदहाला त्यांनी साबुदाण्याची खिचडी घेतली, नेहमीसारखी भरलेली ताटली. तेव्हा साखर १२१ होती. अकरा वाजता १५८ आणि बाण वर. सव्वाबाराला २६८. दुपारचे तीन वाजले तरी रेघ १८० च्या खाली आली नव्हती.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तंतू नाहीत म्हटलं तरी चालेल आणि प्रथिनंही नावालाच. पोटात गेलं की त्याची साखर होते. खिचडीतल्या तुपानं आणि दाण्याच्या कुटानं पचन लांबतं, म्हणून रेघ चढल्यावर पठारासारखी वरच राहते. आदल्या दिवशी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर खाल्ली होती, तेव्हा टोक १८९ वर थांबलं होतं आणि दोन तासांत रेघ पट्ट्यात परतली होती. नातीनं दोन्ही दिवस शेजारी ठेवले. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे उपवासाच्या दिवशीच मी जास्त साखर खात होते की गं."

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. खरोखर काही न खाता कडक उपवास केला आणि ग्लिमेपिराइड मात्र घेतली, तर साखर धोकादायक उतरू शकते. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यामुळे उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

त्याच एकादशीला आणखी एक गोंधळ झाला. रेघ चढत असताना नातीनं बोटातून तपासलं, तर ग्लुकोमीटरवर २३१ आणि सेन्सरवर २०५. "मशीन खोटं बोलतंय," आजींनी निकाल दिला. मशीन खोटं नव्हतं. सेन्सर रक्तात बुडालेला नसतो. त्याची बारीक तार कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते आणि रक्तातली साखर त्या द्रवात पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर भराभर चढत किंवा उतरत असली की दोन आकड्यांत फरक पडतो. रेघ सपाट असेल तेव्हा ते बरेच जवळ येतात. ग्लुकोमीटरचा आकडाही थोडा इकडेतिकडे होतोच.

पण एके रात्री सेन्सरनं सगळ्यांना घाबरवलं. दोन वाजता गजर वाजला, साखर ५८. नात धावत आली, तर आजी डाव्या कुशीवर शांत झोपलेल्या. घाम नाही, थरथर नाही. बोटातून तपासलं, १०९. सेन्सरवर झोपल्यानं तिथली कातडी दाबली जाते, द्रव हलत नाही आणि आकडा खोटाच खाली पडतो. आलेखात हे ओळखू येतं: रेघ एकदम कड्यासारखी कोसळते आणि कूस बदलली की तशीच सरळ वर येते. तरीही असा आकडा कुशीवर ढकलून सोडून देऊ नये. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री खरोखरही पडते. म्हणून आधी बोटातून तपासायचं. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असेल तर तपासायलाही थांबायचं नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी बोटातूनच पुन्हा तपासायचं. सेन्सर मागे असल्यामुळे तेव्हा तो अजून खालचाच आकडा दाखवत असतो आणि घाबरून आणखी साखर दिली जाते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सेन्सर उतरण्याआधी आजींनी मुद्दाम पुन्हा खिचडी केली. या वेळी अर्धी ताटली, सोबत वाटीभर दही आणि काकडी, आणि खाल्ल्यावर गच्चीत पंधरा मिनिटं फेऱ्या. टोक २०७ वर थांबलं. अजून जास्तच आहे, पण २६८ नाही.

सेन्सर महाग आहे आणि प्रत्येकाला तो लागतोही असं नाही. घरातल्या ग्लुकोमीटरनंही हाच शोध घेता येतो. आठवड्यात दोन-तीन दिवस निवडा. जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा तपासा. काय खाल्लं आणि किती, ते आकड्यांशेजारी लिहा. आज नाश्ता, परवा दुपारचं जेवण, पुढच्या वेळी रात्रीचं, असं फिरवत गेलात की दोन आठवड्यांत कोणतं जेवण साखर चढवतंय ते दिसू लागेल. तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा आणि गोळीचा डोस त्यांनाच ठरवू द्या.