तलवारींची नव्वी आणि उडालेली झोप

‘नाइन ऑफ सोर्ड्स’, म्हणजे तलवारींची नव्वी, हे टॅरोच्या ७८ पानांपैकी रात्रीच्या काळजीचे पान म्हणून ओळखले जाते. ‘एकाच निर्णयाच्या विचाराने रात्रभर डोळा का लागत नाही?’ असा प्रश्न घेऊन कोणी आले आणि हे पान निघाले, तर चित्र आणि प्रश्न एकमेकांना इतके जुळतात की अर्थ सांगण्याची गरजच उरली नाही असे वाटते. प्रत्यक्षात वाचनाचे काम तिथून सुरू होते. झोप उडाली आहे हे विचारणाऱ्याला माहीतच असते. ती कशाने उडाली हे शोधायला चित्रातले बारकावे उपयोगी पडतात.

आज सर्वाधिक प्रचलित असलेले चित्र १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढलेल्या संचातले आहे. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यापूर्वीच्या बहुतेक संचांत अंकांच्या पानांवर आपल्या साध्या पत्त्यांसारखी नुसती चिन्हे असत. नव्वीवर नऊ तलवारी, एवढेच. स्मिथ यांनी बहुतेक अंकांच्या पानांवर माणसे आणि प्रसंग आणले. म्हणून या पानाकडे आज एखाद्या गोष्टीतल्या प्रसंगासारखे पाहता येते.

चित्रात पलंगावर एक व्यक्ती उठून बसली आहे आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे. मागे मिट्ट काळोख आहे; त्यात चंद्र, खिडकी, दिवा काहीच नाही. त्या काळोखात नऊ तलवारी एकावर एक आडव्या आहेत. पायांवर चौकडीची गोधडी आहे. तिच्या काही चौकोनांत लाल गुलाब, तर काहींत राशी आणि ग्रहांची चिन्हे आहेत. पलंगाच्या लाकडी बाजूवर एक छोटे कोरीव दृश्य आहे: दोघांची झुंज चालली आहे आणि एकजण दुसऱ्याला पाडतो आहे. घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून हे कोरीवकाम हमखास सुटते.

टॅरोच्या परंपरेत तलवारींचा रंग विचार, वाणी आणि संघर्ष यांच्याशी जोडला जातो. वेट आणि स्मिथ हे दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या इंग्रजी मंडळाशी संबंधित होते. त्या मंडळाच्या पद्धतीत हे पान मिथुनेतल्या मंगळाकडे दिले आहे आणि त्याचे नाव निराशा व क्रौर्य यांच्याशी जोडले आहे. मिथुन ही वायुतत्त्वाची, बोलण्या-विचारांची रास. मंगळ हा आक्रमक ग्रह. या जोडीचा अर्थ लावताना बरेच रीडर म्हणतात की इथे मनाची धार स्वतःवरच फिरली आहे. वेट यांच्या पुस्तकातली अर्थांची यादी मात्र याहून भयंकर आहे. तिच्यात मृत्यू, अपयश, गर्भपात, फसवणूक आणि हताशा असे सगळे येते. पान उलटे पडल्यास ते संशय, लाज आणि रास्त भीती असे अर्थ देतात. त्यातला ‘रास्त भीती’ हा अर्थ पुढे महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न एका निर्णयाबद्दल असेल, तेव्हा चित्रातली पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तलवारींची जागा. तलवारींच्या तिर्रीत त्या हृदयात घुसलेल्या आहेत आणि दश्शीत पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत. नव्वीत त्या काळोखात आडव्या आहेत, अंगात एकही गेलेली नाही. म्हणून हे पान झालेल्या घावापेक्षा घावाच्या भयाबद्दल आहे, असे वाचले जाते. पण भय खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. नऊपैकी एखादी तलवार खरी असू शकते, आणि उलट्या पानाचा ‘रास्त भीती’ हा अर्थ तेच सुचवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ते कोरीव दृश्य. पलंगावरची व्यक्ती स्वतःला त्यातला कोण समजते, मारणारा की पडणारा? ज्याला आपल्या निर्णयाने कोणाला तरी दुखावले असे वाटते, त्याच्या जागरणामागे अपराधीपणा असतो. ज्याला आपण नमते घेतले, आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, त्याच्या जागरणामागे गिळलेला राग असतो. दोघांचे चेहरे सारखेच झाकलेले दिसतात, पण दोघांशी बोलायचे ते वेगळे. म्हणून जाणकार रीडर इथे अर्थ सांगण्याआधी हा प्रश्न विचारतो.

तिसरी बाब चित्राबाहेरची आहे: निर्णय झाला आहे की व्हायचा आहे? व्हायचा असेल तर तलवारींची दुर्री अधिक नेमकी बसते. तिच्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसली आहे. नव्वी बहुतेक वेळा झालेल्या निर्णयानंतरची रात्र दाखवते. घेतलेल्या निर्णयाने माणूस अस्वस्थ का होतो, याचे एक उत्तर मानसशास्त्रातही आहे. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विसंगतीच्या सिद्धांतानुसार, दोन पर्याय जवळपास तोलामोलाचे असतील तर निवड झाल्यावर सोडलेल्या पर्यायाचे गुण आणि निवडलेल्याचे दोष टोचू लागतात. निर्णय जितका अवघड आणि मागे फिरायला जितका कठीण, तितके टोचणे जास्त. सोपे निर्णय विसरले जातात आणि एकच रात्री परत परत येतो, त्याचे कारण बरेचदा यात सापडते. दिवसा कामाच्या धबडग्यात हे दबून राहते, दिवा मालवल्यावर त्याला अडवायला काही उरत नाही.

एका कल्पित उदाहरणाने हे वाचन स्पष्ट होईल. एका बाईंनी धाकट्या भावाला दुकानासाठी दोनदा पैसे दिले आणि तिसऱ्यांदा नाही म्हटले. तेव्हापासून त्यांना पहाटेपर्यंत झोप नाही. त्यांचा पहिला प्रश्न ‘भावाचे दुकान चालेल का?’ असा होता. रीडरने तो बदलून घेतला, कारण भावाचे भवितव्य त्यांच्या हातात नाही. नवा प्रश्न ठरला: ‘नाही म्हणण्याचा निर्णय मला रात्री का छळतो?’ तीन पानांची मांडणी ठरली. पहिले पान निर्णयामागे काय होते याचे, दुसरे रात्री काय घडते याचे, तिसरे आता कशाकडे पाहावे याचे.

पहिले निघाले पेंटॅकल्सची छक्की. त्यात एक श्रीमंत माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देतो आहे आणि समोर दोघे गुडघ्यांवर आहेत. देणारा उभा, घेणारे खाली. ते पाहून बाईंच्या लक्षात आले की वडील गेल्यापासून घरात देणाऱ्याची जागा त्यांचीच होती आणि नाही म्हणताच ती सुटली. दुसरे पान तलवारींची नव्वी. कोरीव दृश्यात त्यांनी स्वतःला मारणाऱ्याच्या जागी पाहिले. म्हणजे छळणारा प्रश्न पैशांचा नव्हताच, ‘मी भावाला पाडले का?’ हा होता. तिसरे पान तलवारींची राणी: सिंहासनावर ताठ बसलेली, उजव्या हातात एकच तलवार सरळ उभी, डावा हात पुढे केलेला.

नवाच्या जागी एक तलवार, हा या मांडणीतला उपयोगाचा दुवा. रीडरने बाईंना रात्री येणारे सगळे विचार कागदावर लिहायला लावले. भाऊ बोलणार नाही. लोक नावे ठेवतील. आईला असती तर वाईट वाटले असते. दुकानाचे भाडे थकले तर. दिले असते तर आपल्या मुलीच्या फीचे काय झाले असते. आणि असेच आणखी. मग प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करायची होती: घडले आहे, घडू शकते, किंवा कधीच कळणार नाही. आईला काय वाटले असते हे कळणार नाही, म्हणून ते बाजूला ठेवता येते. फीचा विचार तर निर्णयाच्या बाजूचाच निघाला. रास्त भीती एकच उरली, ती थकणाऱ्या भाड्याची, आणि तिची चौकशी एका फोनवर होण्यासारखी होती. राणीचा पुढे केलेला हात तोच फोन म्हणून वाचला गेला. निर्णय कायम ठेवूनही भावाशी बोलता येते.

निर्णय बरोबर होता की चूक, हे या वाचनाने सांगितले नाही, आणि पानाला ते सांगताही येत नाही. पाने पिसून काढली जातात. त्यातून भविष्य कळते याला शास्त्रीय पुरावा नाही. चित्रामुळे विचारांना नावे मिळतात, त्यांची वर्गवारी होते, एवढाच दावा प्रामाणिकपणे करता येतो.

चुका कुठे होतात हेही ठरलेले आहे. वेट यांची यादी जशीच्या तशी वाचून आधीच न झोपणाऱ्या माणसाला मृत्यूचे भय घालणे ही पहिली चूक. दुसरी म्हणजे मनासारखे पान येईपर्यंत त्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा पाने काढणे. काळजी करणारे मन रात्री हेच करत असते, त्यामुळे अशा वाचनाने तलवारी वाढतात, कमी होत नाहीत. तिसरी खूण पैशांची. पानात ‘बाधा’ दिसली म्हणून खडा, विधी किंवा महागडी पुढची भेट सुचवली गेली, तर ते टॅरोचे वाचन राहिलेले नाही. विचारणारा उठताना प्रश्न लहान आणि नेमका झाला असेल तर वाचन उपयोगी पडले. फक्त भीती वाढली असेल तर नाही.

कागदावरची यादी अंथरुणात करू नये, संध्याकाळी करावी. निद्रानाशावरच्या मानसोपचारातही काळजीसाठी संध्याकाळची ठराविक वेळ नेमून देतात आणि बराच वेळ झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत शांत बसायला सांगतात. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असे तीन महिने चालले, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश मानतात आणि डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. जगणे नको असे विचार येत असतील तर वाट पाहू नये. भारत सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते, आणि समोर अशी व्यक्ती असेल तर रीडरनेही पाने बाजूला ठेवून तोच क्रमांक द्यावा.