पाहायला गेले की लपणारा बग

प्रोग्राममधले काही बग तो आपल्या नेहमीच्या वेगाने चालत असतो तेव्हाच दिसतात. शोध घेण्यासाठी डीबगर जोडला किंवा लॉगच्या दोन ओळी वाढवल्या, की बग नाहीसा होतो. त्या ओळी काढल्या की परत येतो. टँडम कंपनीतले संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1985च्या अहवालात अशा बगांना 'हायझेनबग' म्हटले, आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

यात गूढ काही नसते. पाहण्याच्या साधनांनाही वेळ लागतो आणि हा बग वेळेवरच अवलंबून असतो. तिकीट आरक्षणाचा एक छोटा तुकडा पाहू.

```c
if (seats > 0) {
    seats = seats - 1;
    confirm(user);
}
```

हे काम दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधले समांतर चालणारे दोन प्रवाह, एकाच वेळी करत आहेत आणि एकच आसन उरले आहे असे समजा. पहिल्या थ्रेडने `seats` तपासले, 1 दिसले. त्याने ते कमी करण्याआधीच दुसऱ्यानेही तपासले. त्यालाही 1 दिसले. एका आसनाची दोन तिकिटे गेली. तपासणे आणि कमी करणे यांमधली फट काही नॅनोसेकंदांची असते. दोन्ही थ्रेड नेमके त्या फटीत एकत्र आले तरच चूक घडते, म्हणून ती क्वचित दिसते.

आता शोधासाठी `if`च्या आधी `printf` घातले. छापण्याच्या या कामाला मायक्रोसेकंद लागू शकतात, म्हणजे फटीच्या शेकडो पट वेळ. शिवाय दोन थ्रेडांचे छापणे एकमेकांत मिसळू नये म्हणून `printf` आत स्वतःचे कुलूप वापरते. त्यामुळे एकत्र आलेले थ्रेड तिथे रांगेत उभे राहतात. दुसऱ्याचे छापून होईपर्यंत पहिल्याने आसन कमी करून टाकलेले असते. डीबगरमध्ये तर थांबे लावून प्रोग्राम माणसाच्या गतीने चालवला जातो. नॅनोसेकंदांचा योगायोग तिथे जुळून येणे फार कठीण. त्यातच डीबगरसाठी प्रोग्राम बहुधा `-O0` ने, म्हणजे कंपायलरचे वेग वाढवणारे फेरफार बंद ठेवून बांधतात. मग तपासला जाणारा प्रोग्राम मूळचा राहतच नाही.

यावरचा उपाय याच कारणातून निघतो. `if`च्या आधीचा विलंब बग लपवतो, पण तोच विलंब तपासणे आणि कमी करणे यांच्या मधोमध ठेवला तर फट रुंदावते.

```c
if (seats > 0) {
    usleep(1000);
    seats = seats - 1;
```

एरवी शंभरात एकदा दिसणारी चूक आता जवळजवळ दर वेळी दिसू लागली, तर संशय योग्य जागी आहे. दिसली नाही, तर फट दुसरीकडे शोधावी. डोळे लावून बसण्यापेक्षा हा प्रयोग कितीतरी अधिक सांगून जातो.

पण संशय घ्यायलाही आधी काही पुरावा हवा. त्यासाठी नोंदी हलक्या ठेवाव्या लागतात. प्रत्येक थ्रेडला स्मृतीत स्वतःचा छोटा साठा द्यावा, त्यात वेळ आणि एखादा आकडा तेवढा लिहावा, आणि चूक घडल्यावरच सगळे छापावे. सर्व थ्रेडांना एकच सामाईक साठा दिला, तर त्याच्यासाठी पुन्हा रांग लागते आणि बग पुन्हा लपतो.

`-fsanitize=thread` हा पर्याय देऊन बांधलेला प्रोग्राम बराच मंद चालतो, तरीही उपयोगी पडतो. तो चुकीची वेळ जुळण्याची वाट पाहत नाही. दोन थ्रेडांनी कुलपाविना एकाच जागेला हात लावला आणि त्यांपैकी एकाने तिथे लिहिले, तर तक्रार करतो. मात्र त्याची मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. `seats` अणुवत केले, म्हणजे एकेक वाचन आणि एकेक लेखन अखंड होईल असे केले, की हे साधन गप्प बसते. तपासणे आणि कमी करणे यांमधली फट मात्र तशीच राहते.

खरी दुरुस्ती म्हणजे तपासणे आणि कमी करणे ही दोन्ही कामे एकाच कुलपाच्या आत आणणे. ती झाली आहे हे पडताळताना घाई अंगाशी येते. शंभरात एकदा घडणारा बग सलग शंभर वेळा दिसला नाही, तरी काही सिद्ध होत नाही. दुरुस्ती न करताही असे घडण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. ती 5 टक्क्यांच्या खाली आणायला सलग 300 निर्दोष फेऱ्या लागतात. फट मुद्दाम रुंद केलेल्या प्रोग्रामवरच कुलूप तपासले, तर मोजक्या फेऱ्यांतही निकाल कळतो.

`printf` ठेवल्यावर बग दिसत नाही म्हणून ती ओळच कायम ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. प्रोसेसर बदलला, कंपायलर बदलला किंवा गर्दी वाढली, की एका आसनाची दोन तिकिटे पुन्हा जाऊ शकतात.