कपाट ठरलं एक, आलं दुसरं

कपाट बसवून झालं की त्याचं खरं अंग झाकलं जातं. वरून सनमायका, कडांना पट्टी, आतून पांढरा लायनर. पोटात चांगला प्लाय असो की दाबलेला लाकडाचा चुरा, बाहेरून दोन्ही सारखेच देखणे दिसतात. त्यामुळे ग्राहक म्हणतो, ‘माल बरोबर वाटत नाही,’ आणि कारागीर म्हणतो, ‘सगळं ठरल्याप्रमाणेच आहे, साहेब.’ तक्रार तिथेच अडकते. तिला पुढे न्यायचं असेल तर ‘वाटतं’ हा शब्द काढून मोजमाप आणावं लागतं.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घरातलं एक कपाट उदाहरणादाखल घेऊ. रुंदी ७ फूट, माळ्यासकट उंची ९ फूट, म्हणजे दर्शनी ६३ चौरस फूट. दर १,५०० रुपये, एकूण ९४,५००. त्यातले नव्वद टक्के, म्हणजे ८५,०५० रुपये देऊन झालेले. ड्रॉइंगवर डेप्थ २४ इंच. कोटेशनमध्ये लिहिलेलं: सांगाडा आणि पल्ले १८ मिलिमीटर बीडब्ल्यूआर प्लायचे, आयएसआय मार्क असलेले. कपाट आलं तेव्हा शर्ट नीट टांगले गेले, पण लग्नातला कोट लावला की त्याची बाही पल्ल्यात अडकायला लागली.

टेप लावली तर भिंतीपासून पल्ल्याच्या बाहेरच्या अंगापर्यंत २१ इंच भरले. त्यातून पल्ल्याची आणि मागच्या फळीची जाडी वजा केली की आत जेमतेम २० इंच उरतात. हँगर साधारण साडेसतरा इंचांचा असतो, पण कोटाचे खांदे आणि बाह्या त्याच्या बाहेर येतात. २४ इंचांच्या कपाटात त्यांना जागा असते, इथे नाही. कारागिराचं म्हणणं, बाजूच्या भिंतीवर विजेचा बोर्ड होता, म्हणून तीन इंच कमी केले. कारण खरंही असेल. पण बोर्ड सरकवायचा की कपाट उथळ करायचं, हे ठरवण्याचा हक्क पैसे देणाऱ्याचा होता आणि त्याला कुणी विचारलंच नाही. भिंती ओळंब्यात नसतात, त्यामुळे एखाद-दोन सुतांचा फरक पडतोच. त्यावर भांडू नये. तीन इंच म्हणजे चोवीस सूत. तो फरक भिंतीचा नाही.

आता माल. पल्ल्याची कड मोजली तर १८ मिलिमीटर आली आणि कारागीर म्हणाला, ‘बघा, अठराच आहे.’ खरं तर शंका यायला हवी ती इथेच. १८ मिलिमीटरच्या प्लायवर बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका आणि आतून लायनर चिकटवला की जाडी विसाच्या आसपास जाते. कारखान्यातून दोन्ही बाजूंनी थर चढवूनच येणारा बोर्ड मात्र थरांसकट अठराचा असू शकतो. तरी जाडी हा फक्त इशारा आहे, कारण प्लायच्या जाडीतही थोडं कमीजास्त होतं. निकाल लागतो तो बिजागरीच्या भोकात.

पल्ल्याच्या आतल्या बाजूला बिजागरीची वाटी बसवायला ३५ मिलिमीटर रुंदीचं गोल भोक पाडलेलं असतं, सुमारे बारा-तेरा मिलिमीटर खोल. पल्ल्याला चार बिजागऱ्या असतील तर मधल्या एकीचे स्क्रू काढून वाटी बाहेर घ्यावी आणि टॉर्च लावून भोकाच्या भिंतीकडे बघावं. प्लाय असेल तर फिकट-गडद पातळ थर एकावर एक दिसतात. पार्टिकल बोर्ड असेल तर चुऱ्याचे खरबरीत कण दिसतात, नख लावलं तर सुटतातही. एमडीएफ जाड पुठ्ठ्यासारखा एकजीव, तपकिरी दिसतो. हे काम शक्यतो कारागिरासमोर करावं, नाहीतर ‘तुम्हीच खोलून बिघडवलं’ हे ऐकावं लागतं. तो येत नसेल तर वाटी काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर फोटो घ्यावेत. या कपाटाच्या भोकात कण निघाले. पल्ले पार्टिकल बोर्डचे होते.

सांगाडा मात्र प्लायचाच होता. प्रश्न असा की कोणत्या प्रतीचा? साधा एमआर प्लाय आणि उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा बीडब्ल्यूआर प्लाय डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. फरक डिंकात असतो. त्यासाठी शिक्का शोधावा लागतो. आयएसआय मार्कासोबत आयएस ३०३ हा मानकाचा क्रमांक, प्रत आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. सनमायकाखाली तो गाडला जातो, पण माळ्याच्या वरच्या न दिसणाऱ्या अंगावर किंवा उरलेल्या तुकड्यांवर कधी कधी सापडतो. परवाना खरा आहे का, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतं. शिक्का मिळाला नाही तर कारागिराकडे प्लायच्या खरेदीचं बिल मागावं. तेही मिळालं नाही, तर प्रयोगशाळेशिवाय छातीठोक विधान करू नये. तक्रारीत एक आरोप खोटा पडला की बाकीच्या खऱ्यांचंही वजन जातं.

म्हणून पत्र असं: ‘अमुक तारखेच्या ड्रॉइंगनुसार डेप्थ २४ इंच ठरली होती, प्रत्यक्षात २१ आहे. कोटेशननुसार पल्ले १८ मिलिमीटर बीडब्ल्यूआर प्लायचे हवे होते, प्रत्यक्षात पार्टिकल बोर्डचे आहेत. बिजागरीच्या भोकाचे फोटो जोडले आहेत. सांगाड्याच्या प्लायचा शिक्का दिसत नाही, कृपया खरेदीचं बिल दाखवावं. हे बदल आम्हाला न विचारता झाले आहेत. पंधरा दिवसांत सांगाडा ठरलेल्या डेप्थचा करून आणि पल्ले ठरलेल्या प्लायचे बसवून द्यावेत. उरलेले ९,४५० रुपये दुरुस्ती पूर्ण झाल्यावर देऊ.’ ‘फसवणूक’, ‘चोर’ असे शब्द नकोत. पत्र व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानेही पाठवावं, पावती जपावी.

मागणी काय करायची, याचा विचार आधीच हवा. पल्ले बदलणं सोपं, ते उतरवून नवे चढवता येतात. डेप्थ मात्र वाढवता येत नाही. बाजू, तळ, फळ्या सगळं नव्याने कापावं लागतं. कारागीर त्याला तयार नसेल आणि २१ इंच तुम्हाला चालत असतील, तर पल्ले नवे आणि डेप्थबद्दल रकमेत सूट, ही तडजोड माझ्या मते वाजवी आहे. पण ती लेखी हवी.

काहीच उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिची फी मात्र आधी तक्रारदाराला भरावी लागते. या टप्प्यावर वैतागून कपाट मोडू नये किंवा दुसऱ्या सुताराकडून पल्ले बदलून घेऊ नयेत. जुने पल्ले गेले की पुरावाच गेला.

आणि कारागीर नवे पल्ले करून द्यायला तयार झाला, तर सनमायका चिकटवण्याआधी एकदा त्याच्या वर्कशॉपमध्ये जावं. प्लायवरचा शिक्का आणि परवाना क्रमांक उघडा दिसतो तो तेवढ्याच वेळात. त्याचा फोटो हातात आला, पल्ले बसले, भोक पुन्हा पाहून झालं, की उरलेले पैसे त्याच दिवशी देऊन टाकावेत.