कॅनव्हासचे बूट मशीनमध्ये धुताना

शाळेत पीटीच्या तासाला लागणारे पांढरे कॅनव्हासचे बूट वॉशिंग मशीनमध्ये धुता येतात. रोजचे काळे बूट मात्र धुऊ नयेत. दोन्ही जोड एकाच मुलाचे, एकाच चिखलात मळलेले, तरी त्यांची बांधणी वेगळी असते. काळ्या बुटाचा वरचा भाग बहुधा प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचा असतो आणि आत पायाखाली दाबलेल्या लगद्याचा पुठ्ठा असतो. पुठ्ठ्यात पाणी मुरले की तो फुगतो, वाळताना वाकतो आणि मग बूट कधीच सपाट बसत नाही. असे बूट ओल्या फडक्याने पुसावेत, एवढेच. स्वस्तातल्या काही पांढऱ्या बुटांतही हाच पुठ्ठा सापडतो. आतला सुटा तळवा उचलून खाली तपकिरी पुठ्ठा दिसला, तर तो जोडही हातानेच, ब्रशने आणि कमीत कमी पाण्यात साफ करावा.

कॅनव्हासच्या बुटाचा सोल दोन प्रकारे बसवलेला असतो. पहिल्या प्रकारात कापडाभोवती कच्च्या रबराची पट्टी आणि खाली रबराचा सोल लावून अख्खा बूट भट्टीत तापवतात. रबरातल्या गंधकामुळे पट्टी, सोल आणि कापड एकजीव होतात. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाला 1839 मध्ये गवसलेली व्हल्कनायझेशनची प्रक्रिया ती हीच. शंभर अंशांहून अधिक तापलेल्या या जोडाला कोमट पाण्याची फारशी भीती नसते. दुसऱ्या प्रकारात तयार सोल चिकटद्रव्याने डकवतात. कारखान्यात हे चिकटद्रव्य लावून सुकवतात, साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवून पुन्हा चिकट करतात आणि दाब देऊन सोल बसवतात. जी उष्णता त्याला चिकटवते, तीच त्याला मऊही करते. म्हणून 60 अंशांच्या पाण्यात धुतलेल्या बुटाचा सोल सुटला, तर नवल नाही. बुटाच्या कडेने रबराची सलग चपटी पट्टी फिरलेली असेल, तर बूट बहुधा पहिल्या प्रकारातला. जाड, हलका, साच्यातून काढल्यासारखा सोल असेल, तर दुसऱ्या. खात्री नसेल तेव्हा दुसरा प्रकार समजून चालणे शहाणपणाचे.

मात्र उष्णतेपेक्षाही जास्त सोल सुटतात ते आधीच्या लहानशा फटीमुळे. बूट हातात घेऊन चवडा वर वाकवावा आणि बोटांच्या पुढची कड नीट पाहावी. जोड बहुधा पहिल्यांदा उघडतो तो इथेच. नख शिरेल एवढी फट दिसली, तरी तो बूट मशीनमध्ये टाकू नये. फटीत साबणाचे पाणी शिरते, ड्रम फिरताना बूट वरून खाली आपटतो आणि प्रत्येक आपटीला फट थोडी पुढे सरकते. धुलाई संपेपर्यंत बुटाने चांगला ‘आ’ वासलेला असतो. आधी सोल चिकटवून किंवा शिवून घ्यावा, धुणे नंतर.

आता ड्रमकडे. स्टीलच्या ड्रमला कापडी बुटाने ओरखडा पडणे अवघड आहे. खरा धोका असतो तो ड्रम ज्यावर फिरतो त्या बेअरिंगला, त्याला झेलणाऱ्या स्प्रिंगना आणि दाराभोवतीच्या रबराला. याचे कारण स्पिनमध्ये आहे. भिजलेला एक बूट 400 ग्रॅमचा धरला आणि तो ड्रमच्या मध्यापासून 25 सेंटीमीटरवर एका बाजूला चिकटून बसला, तर मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या वेगात तो दीडशे किलोंहून अधिक वजनासारखा ड्रमला बाहेर ओढतो. तोच वेग 400 फेऱ्यांवर आणला, तर ही ओढ सुमारे 18 किलोंवर येते. वेग एक तृतीयांश झाला की ओढ एक नवमांश होते. त्यामुळे बुटांसाठी स्पिन 400 वर ठेवावा किंवा बंदच करावा. बुटांसोबत तीन-चार जुने टॉवेल टाकावेत. ते आपट मऊ करतात आणि वजन ड्रमभर पसरवतात. तरीही मशीन जागेवरून सरकू लागले किंवा पडद्यावर `UE` सारखा असंतुलनाचा संकेत आला, तर थांबवून, पाणी काढून, बूट आणि टॉवेल पुन्हा पसरून ठेवावेत. पावसाळ्यात मळलेल्या एका जोडासाठी फ्रंट लोड मशीनमध्ये सगळे कसे करायचे, ते आता क्रमाने पाहू.

चिखल ओला असताना घासू नये, तो कापडात अधिकच मुरतो. बूट रात्रभर वाळू द्यावेत, सकाळी दोन्ही सोल एकमेकांवर आपटावेत आणि जुन्या टूथब्रशने माती झाडावी. सोलच्या खाचांतले खडे टाचणीने एकेक काढावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण सुटलेला एखादा खडा ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यामध्ये अडकला की फिरताना खरखर आवाज येतो आणि दुरुस्तीला टाकी उघडावी लागते. नाड्या आणि सुटे तळवे बाहेर काढावेत. नाड्या एका जाळीच्या पिशवीत, आणि प्रत्येक बूट वेगळ्या, तोंड बांधलेल्या जुन्या अभ्र्यात. अभ्र्यामुळे नाडीच्या भोकांचे धातूचे कडे दाराच्या रबराला कापत नाहीत आणि उरलेली माती आतच राहते.

पाणी गार किंवा फार तर 30 अंशांचे, कार्यक्रम नाजूक कपड्यांचा. नेहमीच्या निम्मा द्रव साबण पुरतो. पावडर भोकांत आणि शिवणीत अडकून राहते. अडकलेला साबण उन्हात वाळला की पांढऱ्या कॅनव्हासवर पिवळे डाग उमटतात. लोक त्यासाठी कापडाला दोष देतात, पण चुकतो तो खळखळून धुण्याचा टप्पा. म्हणून एक जादा खळ हवाच. क्लोरीनचे ब्लीच टाळावे, ते सुती धागा कमजोर करते. धुणे संपताच बूट बाहेर काढावेत. ओल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहिले तर जोडात पाणी मुरत राहते.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनची गोष्ट वेगळी. धुण्याच्या टाकीतल्या फिरत्या चकतीखाली नाडी शिरून अडकते, आणि शेजारच्या सुकवण्याच्या टोपलीचा वेग बहुधा कमी करता येत नाही. तिथे धुणे पाच मिनिटांपुरतेच करावे आणि बूट टोपलीत घालू नयेत. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिळल्यासारखे दाबले की बरेच पाणी निघते.

वाळवताना बुटात जुने सुती कापड ठासून भरावे आणि दोन-तीन तासांनी बदलावे. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला लागू शकते. पंख्याखाली सावलीत चोवीस तास तरी लागतात, पावसाळ्यात दोन दिवस. कडक उन्हाने रबर पिवळे पडून तडकते आणि हेअर ड्रायरच्या झोताने चिकटद्रव्य मऊ होते. बोटांच्या टोकाशी हात घालून गार लागले, तर बूट अजून ओला आहे. बूट वाळत असताना मशीनचे खालचे झाकण उघडून पंपाची गाळणी काढावी, तिच्यात जमलेली वाळू धुवावी आणि दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून आत राहिलेले कण फडक्याने पुसून घ्यावेत.