आधी प्राण, मग पंचनामा

वारज्याच्या महामार्गावर अपघात घडला, की जखमीस उचलणाऱ्या दुकानदाराच्या मनात दोन शंका येतात : पोलीस येईपर्यंत उपचार थांबतील काय? अनामत कोण भरणार?

पहिलीचे उत्तर १९८९ चे आहे. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वारास रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून वीस किलोमीटर दूर धाडले. वाटेतच त्याचा अंत झाला. त्यावरील परमानंद कटारा यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने प्रथम प्राण वाचवावेत. पोलिसी सोपस्कार नंतर.

दुसरीचे उत्तर २०१६ चे. न्यायालयाने बंधनकारक केलेल्या नियमांनुसार, जखमीस आणणारा नातेवाईक नसेल, तर रुग्णालय त्याच्याकडे दाखल करण्याचे पैसे मागू शकत नाही.