पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर काय विचारतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गेली आणि घराघरांतले कागदही गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावांत रातोरात पुराचे पाणी शिरले. अशा वेळी सरकारी पंचनामा होतो आणि मदत ठरलेल्या दराने मिळते. तुमचा फ्रिज किती किमतीचा होता, याला तिथे फारसे महत्त्व नसते. विम्याचे तसे नाही. कंपनीचा सर्व्हेअर एकेका वस्तूबद्दल विचारतो: ती घरात होती याला पुरावा काय, कधी घेतली आणि आज तशीच घ्यायला किती लागतील?

विमा घ्यावा की नाही, हे प्रत्येक घर आपल्या जाणकारांना विचारून ठरवते. गृहकर्जासोबत पुष्कळांकडे तो असतोच. म्हणून आम्ही इथे फक्त सामानाच्या यादीविषयी सांगतो.

एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर, वादळ यांचे नुकसान तिच्यात येते. इमारतीचा विमा असेल तर तिच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंतच, सामानाला आपोआप संरक्षण मिळते. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. रोख रक्कम मात्र यात धरली जात नाही आणि नुसत्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण लागते.

एक उदाहरण घेऊ. नांदेडच्या एका कुटुंबाच्या घराचा विमा १२ लाखांचा आहे, म्हणजे सामानाचे संरक्षण २ लाख ४० हजार. त्यांनी खोलीनिहाय यादी केली आणि बेरीज ३ लाख ६० हजार निघाली. उरलेले १ लाख २० हजार त्यांना जास्तीचा हप्ता भरून वाढवून घ्यावे लागतील. यादी केली नसती तर ही तफावत पुरानंतरच कळली असती.

यादीत त्यांनी फ्रिज असा लिहिला: ‘स्वयंपाकघर ३. फ्रिज, कंपनी व मॉडेल, सिरियल नंबर, खरेदी मे २०१९, २२,००० रुपये, आजची किंमत २८,०००, फोटो ३-अ ते ३-क.’ किमतीचे दोन रकाने हवेतच. खरेदीची किंमत बिलाशी जुळते, पण बेरीज आजच्या किमतीची करायची, कारण सामानाची भरपाई दुरुस्तीच्या किंवा तशीच वस्तू पुन्हा घेण्याच्या खर्चावर ठरते.

प्रत्येक मोठ्या वस्तूचे तीन फोटो पुरतात. ‘अ’ मध्ये खोलीसह वस्तू दिसावी, ‘ब’ मध्ये सिरियल नंबरचे स्टिकर आणि ‘क’ मध्ये बिल. फ्रिजचे स्टिकर बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर, टीव्हीचे मागे असते. एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगळे असतात. मोबाइलवर *#06# दाबले की आयएमईआय नंबर दिसतो. चिखलात स्टिकर निघून जाते आणि गुळगुळीत कागदावरचे बिल वर्षा-दोन वर्षांत पांढरे पडते, म्हणून वस्तू घरी आली त्याच दिवशी फोटो काढावेत. कपडे आणि भांडी एकेक लिहू नयेत. कपाट उघडून फोटो काढावा आणि अंदाजे संख्या व किंमत लिहावी.

दागिने साध्या सामानात येत नाहीत, त्यांचे संरक्षण वेगळे मागावे लागते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणताही एक दागिना १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आजच्या भावात दोन तोळ्यांचा हारही या मर्यादेबाहेर जातो. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तोच त्याचा सिरियल नंबर समजा. जुन्या दागिन्याचे वजन, कॅरेट आणि पट्टीजवळ ठेवून काढलेला फोटो घ्यावा. ज्या घरात रमजानमध्ये जकातीसाठी सोने तोलतात, तिथे वजनाचे काम झालेलेच असते. मेहरचा दागिना कोणाचा, हेही तिथेच लिहावे.

यादी कपाटात ठेवली तर ती कपाटाबरोबरच जाईल. एक प्रत परगावच्या भावाकडे किंवा मुलीकडे पाठवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर बारीक अक्षरे पुसट होतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पाणी ओसरल्यावर आधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि वस्तू जागच्या जागी असतानाचे फोटो घ्या. लगेच कंपनीला कळवा आणि दाव्याचा अर्ज ३० दिवसांत द्या. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेली गादी किंवा बंद पडलेला फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. दुर्गंधीमुळे एखादी वस्तू ठेवणे अशक्यच असेल, तर फोटो काढून कंपनीला लेखी कळवा आणि मगच ती हलवा.